एकीकडे दाबलं की दुसरीकडे वर: सेन्सिटिव्हिटी इंटिग्रल हा नियम की पळवाट?

प्रश्न: आमच्या एक्स-वाय टेबलवर 30 हर्ट्झच्या आसपासची थरथर कमी करायला पोझिशन लूपचा गेन वाढवला. ती कमी झाली, पण आता 200 हर्ट्झजवळ नवीनच घरघर सुरू झालीये. सिनियर म्हणतात, "सेन्सिटिव्हिटी इंटिग्रलचा नियम आहे, एकीकडे दाबलं की दुसरीकडे वर येणारच." हा खरंच गणिती नियम आहे का ट्युनिंग जमत नाही म्हणून शोधलेली पळवाट? एच-इन्फिनिटी कंट्रोलर लावला तर यातून सुटका होईल का?

उत्तर:

तुमचे सिनियर बरोबर बोलतायत, पण अर्धंच. वर येणार हे पक्कं, पण कुठे येणार आणि किती उंच येणार हे बऱ्यापैकी आपल्या हातात असतं, आणि आमच्या कामातली खरी कारागिरी तिथेच असते. मी पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत सर्वो लावण्यात वीसेक वर्षं घालवली, त्यातली पहिली पाच-सहा वर्षं हा नियम माहीत असून न कळलेल्या अवस्थेत गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी नियम काय तो. लूप गेन L धरा, म्हणजे कंट्रोलर, ड्राइव्ह, मोटर, एन्कोडर सगळं मिळून एक फेरी. सेन्सिटिव्हिटी म्हणजे S = 1/(1+L). बाहेरून एखाद्या फ्रिक्वेन्सीला डिस्टर्बन्स आला तर लूप चालू असताना त्यातला कितवा हिस्सा एररमध्ये उरतो, तो आकडा म्हणजे |S|. 0.1 असेल तर दहावा हिस्सा उरला, 1 असेल तर लूपचा काहीच उपयोग नाही, आणि 2 असेल तर लूपनेच डिस्टर्बन्स दुप्पट केला, त्यापेक्षा लूप नसता तर बरं. आता प्लांट स्वतः स्टेबल असेल, लूप जोडल्यावरही स्टेबल असेल आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला L पुरेसं वेगाने पडत असेल (निदान 1/s² सारखं, किंवा त्यात डिले असेल) तर

∫₀^∞ ln|S(jω)| dω = 0

म्हणजे |S| डीबीमध्ये काढला, आडव्या अक्षावर फ्रिक्वेन्सी साधी हर्ट्झमध्ये घेतली, तर शून्य रेषेच्या खालचं क्षेत्रफळ आणि वरचं क्षेत्रफळ तंतोतंत सारखं. हेंड्रिक बोडे यांनी बेल लॅब्समध्ये टेलिफोनच्या ॲम्प्लिफायरवर काम करताना हे मांडलं, त्यांचं पुस्तक 1945 चं. गुंटर स्टाइन यांनी 1989 च्या बोडे व्याख्यानात हे खणण्याच्या भाषेत सांगितलं होतं, की कंट्रोल इंजिनियर खड्डा खणतो आणि निघालेली माती त्याला कुठेतरी टाकावीच लागते. तीच भाषा मी पुढे वापरतोय कारण याहून चांगली मला सुचलेली नाही.

आता हे असं का? कॉन्टूर इंटिग्रेशनचा पुरावा तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल, दोन ओळींचा आहे: ln S हे उजव्या अर्ध्या प्रतलात कुठेच बिघडत नाही, म्हणून बंद वाटेवरची बेरीज शून्य, मोठ्या अर्धवर्तुळावरचा वाटा L पटकन पडतं म्हणून शून्य, मग उरलेल्या अक्षावरची बेरीजही शून्यच. पण हे वाचून हाताला काही लागत नाही. मला स्वतःला नायक्विस्टच्या चित्रावरून कळलं. |1+L| म्हणजे −1 या बिंदूपासून L पर्यंतचं अंतर. −1 भोवती 1 त्रिज्येचं वर्तुळ काढा. L त्या वर्तुळाच्या बाहेर असेल तर |S| एकपेक्षा कमी, आत शिरलं की एकपेक्षा जास्त. बरं, हे वर्तुळ बरोबर शून्यातून जातं. आणि प्रत्येक खऱ्या लूपमध्ये फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की L शेवटी शून्याकडेच जातं, कारण कुठलीच मोटर अनंत वेगाने हलत नाही. प्रश्न फक्त कुठल्या बाजूने शिरतं हा. वस्तुमानाला बल लावताय तर −180 अंशाने, म्हणजे डावीकडून, म्हणजे सरळ वर्तुळाच्या पोटातून. डिले असेल तर शून्याभोवती गरगरत आत जातं आणि प्रत्येक फेरीत वर्तुळात डोकावतं. दोन्हीकडे सुटका नाही.

सुटका एकाच ठिकाणी आहे, L = k/s सारख्या लूपमध्ये, जिथे फेज −90 च्या खाली जातच नाही. तिथे L वर्तुळाला शून्यापाशी स्पर्शरेषेसारखं घासत उतरतं, आत शिरत नाही, |S| कधीच एकच्या वर जात नाही आणि इंटिग्रल चक्क ऋण येतो, −kπ/2. कॉलेजातली बरीच उदाहरणं याच प्रकारची असतात म्हणून पोरांना वाटतं की गेन वाढवत नेला की सगळं छान होत जातं. प्रत्यक्षात सॅम्पलिंगचा उशीर, ड्राइव्हचा करंट लूप, एन्कोडरचा फिल्टर हे सगळं त्या k/s ला चिकटलेलं असतं आणि e^(−sT) चा एक छोटासा तुकडा जरी आला तरी इंटिग्रल परत शून्यावर येतो. मिलीसेकंदाचा असो की मायक्रोसेकंदाचा.

हे नुसत्या उशिरामुळे कसं होतं ते बघायला एक इतका साधा लूप घेतो की कागदावर सुटतो. सॅम्पलिंग 1000 हर्ट्झ. कंट्रोलर एवढंच करतो: आत्ताच्या क्षणाला जेवढा डिस्टर्बन्स दिसला तेवढा पुढच्या सॅम्पलला वजा करायचा. म्हणजे उरलेली एरर = आत्ताचा डिस्टर्बन्स वजा मागच्या सॅम्पलचा. 10 हर्ट्झचा डिस्टर्बन्स एका मिलीसेकंदात फारसा बदलत नाही, त्यामुळे कालचं उत्तर आजही चालतं, उरतो फक्त 0.063 हिस्सा. 50 हर्ट्झला 0.31 उरतो. 167 हर्ट्झला (सॅम्पलिंगच्या सहाव्या हिश्शाला) बरोबर 1, फायदा ना तोटा. आणि 500 हर्ट्झला काय होतं बघा, एका सॅम्पलमध्ये डिस्टर्बन्सचं चिन्हच उलटं झालेलं असतं, कंट्रोलर मात्र जुन्या चिन्हाचं औषध देतो, म्हणून वजाबाकीची बेरीज होते आणि एरर दुप्पट. इथे |S| = 2 sin(ω/2) आहे आणि त्याच्या लॉगचं 0 ते π इंटिग्रल शून्य येतं हे गणितवाल्यांना फार आधीपासून माहीत आहे. आकड्यांत सांगायचं तर 0 ते 167 मध्ये सरासरी 8.4 डीबी घट आणि 167 ते 500 मध्ये सरासरी 4.2 डीबी वाढ. दुप्पट रुंदीत निम्मी उंची, हिशोब चोख.

म्हणजे कंट्रोलर मूर्ख आहे असं नाही, त्याला भविष्य दिसत नाही एवढंच. तुम्ही त्याला हुशार करा, दहाव्या ऑर्डरचा करा, तो हळू बदलणाऱ्या गोष्टींचा अंदाज जितका जोरात बांधेल तितका वेगाने बदलणाऱ्या गोष्टींबाबत जोरात फसेल. एच-इन्फिनिटीचं पण हेच. तो इंटिग्रल मोडत नाही, तो फक्त तुम्हाला माती कुठे टाकायची ते आधी लिहून देऊ देतो. अशक्य वेट मागितले तर गॅमा, म्हणजे मागण्या पुऱ्या झाल्या की नाही ते सांगणारा आकडा, एकच्या वर अडकून बसतो, तुम्ही कितीही वेळ सॉल्व्हर चालवा.

आता एक खरी केस सांगतो, जवळजवळ तुमच्यासारखीच. लिनियर मोटरवरचं एक टेबल होतं, जागा चाकण पट्ट्यातली, कंपनीचं नाव राहू द्या. शेजारच्या शेडमध्ये मशिनरी होती आणि तिच्यामुळे जमीन 12 हर्ट्झने हलायची, टेबलावर लूप जवळजवळ बंद असताना ती हालचाल 20 मायक्रॉन दिसायची. शिवाय टेबलाच्या फ्रेमवर एक कूलिंग फॅन, साध्या दोन-पोल मोटरचा, 2880 आरपीएम म्हणजे 48 हर्ट्झ, पाती चार, म्हणून पाती पास होण्याची फ्रिक्वेन्सी 192. तिचा डिस्टर्बन्स 6 मायक्रॉन. तो कोणी मोजलाच नव्हता, कारण सगळ्यांचं लक्ष 12 वर. लूपमधला एकूण उशीर मोजला तर सुमारे 1.08 मिलीसेकंद निघाला आणि आतला वेलॉसिटी लूप वेगवान असल्यामुळे पोझिशन लूपचं मॉडेल L = k·e^(−sT)/s एवढंच धरलं तरी मोजमापाशी बरं जुळत होतं. (स्ट्रक्चरचा रेझोनन्स नशिबाने बराच वर होता. तो जवळ असता तर ही साधी कहाणी उरली नसती.)

k आणि T चा गुणाकार हाच इथे खरा कळीचा आकडा. सुरुवातीला तो 0.5 होता. 12 हर्ट्झला |S| 0.163, म्हणजे 20 मधले 3.3 मायक्रॉन उरले. 192 ला |S| 1.57, म्हणजे 6 चे 9.4 झाले. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की एकूण 10 मायक्रॉन. मग आमच्यातल्या एका उत्साही माणसाने (तो मीच) 12 ची हालचाल अजून दिसतेय म्हणून गेन वाढवून kT 0.8 केला. 12 हर्ट्झला |S| 0.102 झाला, 3.3 चे 2 मायक्रॉन, मस्त! पण 192 ला |S| गेला 2.28 वर, 6 चे 13.7 झाले, एकूण जवळपास 14. शिवाय टेबल कानाला घरघरायला लागलं. तेव्हा ऑपरेटर म्हणाला की साहेब आधीच बरं होतं, आणि तो बरोबर होता.

उलट गेन कमी केला, kT 0.3 वर आणला, तर 12 ला 5.3 मायक्रॉन उरतात, 192 ला 7.7, एकूण 9.4. म्हणजे तिन्हींत सगळ्यात कमी गेनचं उत्तर सगळ्यात चांगलं, आणि अजून खाली 0.2 ला नेलं तर परत 10.5. हे पहिल्यांदा बघून माझा विश्वास बसला नव्हता, आपण वर्षानुवर्षं ऐकत आलेलो असतो की गेन जेवढा जास्त तेवढा लूप टाइट. टाइट होतो, पण खड्ड्यात. टेकाडावर कोण उभं आहे ते आधी बघावं लागतं.

एक गोष्ट इथे नीट बघण्यासारखी आहे. kT 0.5 वरून 0.8 वर नेल्यावर |S| जिथे एकला ओलांडतो ती फ्रिक्वेन्सी 75 वरून फक्त 97 हर्ट्झवर गेली, आणि टेकाडाचं शिखर मात्र 1.59 वरून 2.28 वर, म्हणजे 4 डीबीवरून 7 च्या वर. उशीर तेवढाच असताना टेकाडाला पसरायला जागा नसते, मग ते वरच वाढतं. नियम तर म्हणतो की क्षेत्रफळ सारखं पाहिजे, मग माती 0.01 डीबीच्या थराने एक लाख हर्ट्झपर्यंत का नाही पसरायची? कागदावर पसरता येते, त्याला नियमाची आडकाठी नाही. आडकाठी लूपची असते: तिथपर्यंत L चा आकार तुमच्या ताब्यात असायला हवा, आणि उशीर, रेझोनन्स, मोटरची ताकद यामुळे तो नसतो. ताब्यातल्या पट्ट्याच्या बाहेर L ला गपगुमान पडू द्यावं लागतं, म्हणून सगळी माती पट्ट्याच्या आतच टाकावी लागते. डिजिटल लूपमध्ये तर हे अजूनच स्पष्ट आहे, तिथे इंटिग्रल फक्त निम्म्या सॅम्पलिंग फ्रिक्वेन्सीपर्यंतच असतो, कुंपण तिथे संपतं.

म्हणून त्या टेबलावर खरं काम कशाने झालं? एन्कोडरच्या सिग्नलवर कोणीतरी कधीतरी 3 सॅम्पलचा मूव्हिंग ॲव्हरेज लावून ठेवला होता, आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून. सॅम्पलिंग 2000 हर्ट्झ, म्हणजे 3 सॅम्पलच्या ॲव्हरेजमुळे एक सॅम्पल, अर्धा मिलीसेकंद उशीर फुकटचा. तो काढला. k तोच ठेवला, ज्याने आधी घरघर आली होती तोच. 12 हर्ट्झला 2 मायक्रॉन तसेच राहिले, पण 192 ला |S| 2.28 वरून साधारण 1.3 वर आला आणि एकूण आकडा 8 च्या आसपास. क्षेत्रफळ कुठे गेलं? कुठेच नाही, टेकाड ठेंगणं होऊन पुढे सरकलं, शिखर 300 हर्ट्झच्या बाजूला, आणि त्या मशीनवर तिथे त्रास देणारं काही नव्हतं. माती शेजाऱ्याच्या दारात नाही, रिकाम्या प्लॉटवर टाकली. नंतर फॅन वेगळ्या स्टँडवर बसवला, ते आधीच करायला हवं होतं खरं तर.

हे स्वतः बघायचं असेल तर ऑक्टेव्हमध्ये एवढं टाका:

```
T = 1.08e-3;  k = 0.8/T;
f = 0.05:0.1:20000;  w = 2*pi*f;
S = 1 ./ (1 + k*exp(-1i*w*T)./(1i*w));
dB = 20*log10(abs(S));
trapz(f, dB)
plot(f(f<600), dB(f<600)); grid on
```

खड्ड्याचं क्षेत्रफळ एकट्याचं साडेनऊशे डीबी-हर्ट्झच्या घरात असतं, आणि `trapz` चं उत्तर त्यापुढे अगदी किरकोळ येईल. तेही शून्य नाही कारण आपण 20000 ला थांबलोय. 0.8 चं 0.3 करा, T निम्मा करा, उत्तर किरकोळच राहतं, आकार हलतो.

`plot` साधा ठेवलाय, `semilogx` नाही, ते मुद्दाम. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बोडे प्लॉटचा आडवा अक्ष लॉग असतो, त्यावर 1 ते 10 हर्ट्झ आणि 100 ते 1000 हर्ट्झ एवढीच जागा व्यापतात, त्यामुळे डावीकडचा खड्डा अवाढव्य दिसतो आणि उजवीकडचं टेकाड बारकं, आणि माणूस म्हणतो, बघा, नियम मोडला. पैसे हर्ट्झमध्ये मोजायचे. 0 ते 10 हर्ट्झमध्ये सरासरी 20 डीबी घट म्हणजे 200 डीबी-हर्ट्झ, ती 100 हर्ट्झ रुंदीवर 2 डीबीने फिटते. म्हणून एकदम खालच्या फ्रिक्वेन्सी दाबणं स्वस्त असतं, आणि तुमच्यासारखं 30 पर्यंत किंवा त्यापुढे दाबायला गेलं की बिल वाढतं.

यावरूनच पुढची गोष्ट निघते, जी तुमच्या कामाची आहे. खर्च खड्ड्याच्या खोलीपेक्षा रुंदीवर जास्त असतो. तुमची 30 हर्ट्झची थरथर एकाच फ्रिक्वेन्सीची असेल तर सगळा गेन वाढवायची गरजच नाही, त्या एका ठिकाणी अरुंद रेझोनेटर लावा, म्हणजे S ला तिथे नॉच पडतो. समजा परत 1000 हर्ट्झचं सॅम्पलिंग आणि 50 हर्ट्झचा नॉच, तळ थेट शून्य, म्हणजे डीबीत अनंत खोल. पोल 0.98 त्रिज्येवर ठेवले तर नॉचची रुंदी सुमारे 6 हर्ट्झ आणि बाकी सगळीकडे वाढ जेमतेम 0.17 डीबी, कोणाला कळणारही नाही. अनंत खोल खड्डा आणि माती इतकी थोडी, कारण लॉगचा तो काटा टोकाला इतका बारीक असतो की त्याचं क्षेत्रफळ छोटंच राहतं. पण त्रिज्या 0.8 केली तर वरच्या टोकाला वाढ 1.8 डीबी, आणि घाई करून पोल शून्यावर आणले तर जवळपास 12 डीबी.

मग नेहमी अरुंदच का नाही? कारण अरुंद नॉच हळू शिकतो, 0.98 ला एक टाइम कॉन्स्टंट 50 सॅम्पलचा. आणि फ्रिक्वेन्सी सरकली की तो चुकतो. विजेच्या तारेतून येणारा 50 हर्ट्झचा गुणगुणाट आपल्याकडे ग्रिड कोडच्या पट्ट्यात, 49.90 ते 50.05 मध्ये राहिला तर 30 डीबी तरी घट मिळत राहते. पण एखाद्या इंडक्शन मोटरच्या लोडप्रमाणे फ्रिक्वेन्सी 51 वर गेली तर |S| तिथे 0.3, आणि अजून सरकली की काहीच नाही. हे हिशोब नॉच एकटा असतानाचे आहेत. तुमच्या चालू लूपच्या टेकाडावरच नॉच लावायला गेलात तर तिथली माती आधीच उंच असते, तीच दोन्ही बाजूंना ढकलली जाऊन शिखरं अजून टोकदार होतात, लूप फुटूही शकतो. 30 ला चालेल, 200 च्या घरघरीवर मात्र नॉच टाकून ती मारायच्या फंदात पडू नका.

अनस्टेबल प्लांटचं थोडक्यात सांगतो, तुमच्या टेबलाला लागू नाही तरी. तिथे उजवी बाजू शून्य नसून अनस्टेबल पोलच्या खऱ्या भागांच्या बेरजेला π ने गुणून येते, म्हणजे खड्डा खणायच्या आधीच माती अंगणात पडलेली असते. हे रूप जेम्स फ्रॉयडेनबर्ग आणि डग्लस लूझ यांच्या 1985 च्या कामामुळे सगळ्यांपर्यंत पोचलं. पुढच्या बाजूला वळलेल्या पंखांच्या एक्स-29 विमानाचं उदाहरण स्टाइन देतात: अनस्टेबल पोल 6 रेडियन प्रति सेकंदाच्या आसपास, ताब्यातला पट्टा 40 च्या आसपास. डिस्टर्बन्स कुठेच कमी करायचा नाही, नुसतं उडत ठेवायचं, तरी ती माती 40 पर्यंत सपाट पसरली तर e^(6π/40), म्हणजे |S| 1.6 सगळीकडे. कुठे थोडं जरी दाबलं तर बाकीकडे त्याहून वर. स्पेसिफिकेशनमध्ये 45 अंश फेज मार्जिन मागितला होता आणि तो सगळ्या परिस्थितींत मिळत नव्हता. ते ट्युनिंग करणाऱ्यांचं अपयश नव्हतं, विमानाचा आकार ठरला तेव्हाच ते ठरलं होतं.

नियमाबाहेर पडायचा एक सरळ रस्ता आहे, फीडफॉरवर्ड. हा नियम एररवरून मागाहून दुरुस्ती करणाऱ्या लूपचा आहे. जमिनीवर ॲक्सिलरोमीटर बसवून धक्का टेबलापर्यंत पोचायच्या आत कळला तर ती नवीन माहिती आहे, तिचा S च्या हिशोबाशी संबंध नाही. रेफरन्समुळे येणाऱ्या एररचं पण तसंच, मार्ग आधी माहीत असतो, म्हणून ॲक्सिलरेशन फीडफॉरवर्ड नीट लावला की गेन न वाढवता ती कमी होते. अनेकदा लोक जी एरर गेनने मारायला बघतात ती मुळात रेफरन्सची असते.

आता तुमच्या टेबलाकडे. पहिलं, 200 ची घरघर नक्की कुठली ते ठरवा. गेन थोडा खाली-वर करून बघा. घरघरीची फ्रिक्वेन्सी गेनबरोबर सरकत असेल तर ते लूपचं टेकाडच वाजतंय, सेन्सरच्या किंवा इतर पसरट नॉइजवर. फ्रिक्वेन्सी जागची हलत नसेल आणि फक्त जोर कमी-जास्त होत असेल तर बाहेरून तिथे काहीतरी येतंय, फॅन, पंप, किंवा मोटरचं कॉगिंग, आणि तुमचा लूप ते मोठं करतोय. किंवा मग स्ट्रक्चरचा रेझोनन्स, तोही जागचा हलत नाही, पण टेबलावर लाकडी हातोडी मारून बघितली की तोच सूर निघतो.

दुसरं, S प्रत्यक्ष मोजा. लूपमध्ये एररच्या सिग्नलमध्ये छोटी साइन मिसळा, मिसळल्यानंतरच्या सिग्नलला मिसळलेल्या साइनने भागा, तो S. 5 ते 600 हर्ट्झ एकेक फ्रिक्वेन्सी घेऊन. साइन फार बारीक घेतली तर घर्षणामुळे टेबल चिकटून बसतं आणि आकडे भलतेच येतात. एक्स अक्ष हळू एकसारखा चालता ठेवून मोजलं तर हे बरंच टळतं. सर्वो ऑफ करून मोजलेल्या हालचालीने भागाकार करू नका, ऑफ असताना घर्षण टेबलाला धरून ठेवतं आणि तो आकडा खोटा कमी येतो. मोजून झालं की साध्या हर्ट्झ अक्षावर क्षेत्रफळ काढा. खड्डा टेकाडापेक्षा खूप मोठा निघाला तर आनंद मानू नका, एक तर मोजमाप चुकलंय किंवा तुम्ही टेकाड संपायच्या आधी थांबलाय.

तिसरं, उशिराचा हिशोब मांडा, सॅम्पलिंगचा दीड सॅम्पल, एन्कोडरवरचा फिल्टर, ड्राइव्हच्या कम्युनिकेशनचा सायकल टाइम, सगळं मिलीसेकंदात एका कागदावर. टेकाड 200 ला आहे म्हणजे माझ्या साध्या मॉडेलप्रमाणे तुमचाही उशीर 1 मिलीसेकंदाच्या जवळपास निघायला हवा. त्यातला पाव जरी कमी करता आला तर कंट्रोलर बदलायच्या भानगडीत न पडता आत्ताचाच गेन ठेवून बघा आधी. आणि ती 30 हर्ट्झ एकच सूर आहे का 20 ते 40 पसरलेली ते स्पेक्ट्रममध्ये बघून इथेच कळवा, रेझोनेटर लावायचा की नाही ते त्यावर ठरेल.